डिटेक्टर बाजूला ठेवल्यावर: एका निबंधाच्या मूल्यमापनाची दोन सत्रे

पार्श्वभूमी

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या ‘पर्यावरण आणि समाज’ या विषयाचे हे प्रकरण आहे. वर्गात ६० विद्यार्थी, शिकवायला एक प्राध्यापिका आणि तपासणीत मदतीला एक ट्युटर. ज्या विभागात हे घडले तिथल्या मूल्यमापन समितीवर मी होतो, त्यामुळे कागदपत्रे आणि चर्चा दोन्ही जवळून पाहता आल्या. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

विषयाच्या १०० गुणांपैकी ४० गुण एका २,००० शब्दांच्या निबंधाला होते. विद्यार्थ्याने प्रश्न निवडायचा, स्रोत शोधायचे, निबंध लिहायचा आणि अकराव्या आठवड्यात जमा करायचा. अधल्यामधल्या काळात तो काय करतो हे कोणालाच दिसत नसे. बहुतेक जण शेवटच्या चार दिवसांत लिहीत, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटत नव्हते. चॅटबॉट हाताशी आल्यावर मात्र हेच न दिसणारे दहा आठवडे सगळ्या वादाचे मूळ ठरले.

अडचण

संस्थेने निबंध जमा करण्याच्या प्रणालीला एक एआय-डिटेक्टर, म्हणजे मजकूर चॅटबॉटने लिहिला असण्याची शक्यता टक्क्यांत सांगणारे साधन, जोडला होता. या दोन सत्रांच्या आधीच्या सत्रात त्याने सात निबंधांवर लाल खूण केली. नियमाप्रमाणे सातही जणांना चौकशीला बोलावले. दोघांनी चॅटबॉटने लिहून घेतल्याचे मान्य केले. एका विद्यार्थिनीने हाताने लिहिलेल्या टिपणांची वही समोर ठेवली आणि तिचा विषय तिथेच संपला. उरलेल्या चौघांनी नाकारले. त्यांच्याविरुद्ध टक्केवारीखेरीज काही नव्हते आणि त्यांच्या बाजूनेही काही नव्हते. अखेर ‘पुराव्याअभावी’ असा शेरा मारून प्रकरणे मिटवली गेली. चौघांपैकी कोण खरे बोलत होते हे आजही कोणी सांगू शकणार नाही.

समितीत पहिला प्रश्न आला तो डिटेक्टरच्या अचूकतेचा. मला तो अपुरा वाटतो, कारण बऱ्यापैकी अचूक डिटेक्टरही अशा वर्गात फसतो. समजा, ६० पैकी ६ जणांनी खरोखर निबंध लिहून घेतला आहे. डिटेक्टर अशा १०० निबंधांतले ८० पकडतो आणि स्वतः लिहिलेल्या १०० निबंधांतल्या ५ निबंधांवर चुकून खूण करतो. तर सहापैकी साधारण पाच पकडले जातील आणि उरलेल्या ५४ जणांतले जवळजवळ तीन निष्कारण अडकतील. म्हणजे चौकशीला आलेल्या आठ जणांत तीन निर्दोष. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतलेले आहेत, पण हिशेब खरा आहे: प्रामाणिक विद्यार्थी संख्येने जास्त असतात, म्हणून त्यांच्यातली थोडी टक्केवारीही मोठी भरते.

मोठ्या संस्थांनी हाच हिशेब केला होता. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याकडचा एआय-डिटेक्टर बंद केला. २०२२ मध्ये त्यांच्याकडे ७५,००० निबंध तपासणीला गेले होते, निर्मात्यांनी सांगितलेली १ टक्का चूक धरली तरी ७५० निबंधांवर खोटी खूण होईल, असे त्यांनी मांडले होते. ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे ओळख-साधन आणले आणि अचूकता कमी असल्याचे सांगून त्याच वर्षी जुलैत मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांवर त्यांची खोटी खूण सरासरी ६१ टक्क्यांवर गेली. साधे शब्द आणि ठरावीक वाक्यरचना डिटेक्टरला यंत्राची खूण वाटते, आणि दुसऱ्या भाषेत जपून लिहिणारा विद्यार्थी नेमके तसेच लिहितो. या वर्गातही अनेकांची लेखनभाषा घरची भाषा नव्हती. वही दाखवणारी ती विद्यार्थिनी त्यांच्यातलीच.

समोरचे पर्याय

चार पर्याय चर्चेला आले. डिटेक्टर ठेवायचा, पण खूण होण्याची मर्यादा वाढवायची, हा सर्वांत स्वस्त. त्याने खोट्या खुणा घटल्या असत्या, पण त्याबरोबर खऱ्याही निसटल्या असत्या, आणि नाकारणाऱ्या विद्यार्थ्यासमोर पुन्हा टक्केवारीच ठेवावी लागली असती.

दुसरा, निबंध काढून टाकून वर्गात कागदावर परीक्षा घ्यायची. चोरीचा प्रश्न सुटला असता. मात्र ज्यासाठी निबंध होता ते, म्हणजे स्रोत शोधणे, एकमेकांशी न पटणारे अभ्यास समोरासमोर ठेवणे आणि आपले म्हणणे बदलणे, दोन तासांच्या परीक्षेत बसत नाही.

तिसरा, प्रत्येकाची तोंडी परीक्षा. ६० जणांना १२ मिनिटे म्हणजे १२ तास, शिवाय मधला वेळ. अशक्य नव्हते. पण बोलताना घाबरणारे हकनाक मागे पडतील ही शंका होती, आणि सत्राच्या शेवटी एकदाच होणारी तोंडी परीक्षा शिकण्याला काही मदत करत नाही.

चौथा, गुण प्रक्रियेवर वाटायचे. प्राध्यापिकांनी हा घेतला आणि डिटेक्टर या विषयापुरता बंद करून घेतला. समितीतल्या एकाने विचारले, ‘बंद कशाला? वापरू नका म्हणजे झाले.’ त्यांचे उत्तर मला पटले: टक्का पडद्यावर दिसत असेल तर तो डोक्यातून जात नाही, आणि मग मसुदा वाचताना आपण आधीच संशय घेऊन वाचतो.

पहिले सत्र: मांडणी

निबंधाच्या ४० गुणांपैकी २० अंतिम निबंधाला ठेवले. उरलेले सटीप संदर्भसूचीला ८, पहिल्या मसुद्याला ६ आणि चिंतन-नोंदींना ६. तिसऱ्या आठवड्यात प्रश्न ठरवायचा, पाचव्या आठवड्यात आठ स्रोतांची संदर्भसूची, प्रत्येकाखाली पाच-सहा ओळींची टीप. आठव्या आठवड्यात मसुदा. नोंदी चार, साधारण दर दोन आठवड्यांनी एक. अकराव्या आठवड्यात अंतिम निबंध.

कागदावर हे नीटनेटके दिसत होते. तीन ठिकाणी ते अडले, आणि तिन्ही ठिकाणे वेगवेगळ्या प्रकारची होती.

नोंदी कुठे फसल्या

नोंदीसाठी प्रश्न होता: ‘या टप्प्यात तुम्ही काय शिकलात, कोणत्या अडचणी आल्या आणि त्यांवर कशी मात केली?’ साठ जणांच्या नोंदी आल्या त्या जणू एकाच हातच्या. सुरुवातीला विषय अवघड वाटला, स्रोत शोधताना गोंधळ झाला, हळूहळू वेळेचे नियोजन जमले, आत्मविश्वास वाढला. निबंधाचा विषय शहरातील उष्णता असो की प्लास्टिकचा कचरा, नोंद तीच. ट्युटरने एका संध्याकाळी वैतागून सुचवले की निबंध सोडा, निदान या नोंदी तरी डिटेक्टरमधून काढू या.

प्राध्यापिकांनी नकार दिला आणि आधी स्वतःचा प्रश्न पुन्हा वाचला. तो प्रश्नच एक साचेबंद गोष्ट मागत होता: अडचण, प्रयत्न, विजय. त्यात भर म्हणजे रुब्रिकमध्ये, म्हणजे गुण देण्याच्या निकषांच्या तक्त्यात, ‘चिंतनाची खोली’ असा निकष होता, आणि तपासताना खोली म्हणजे ओघवती भाषा असाच अर्थ घेतला जात होता. विद्यार्थ्यांनी काहीही वेगळे केले नव्हते, जे मागितले ते दिले. चॅटबॉटही तेच देतो. नोंदीत त्या विद्यार्थ्याच्या मसुद्यातली एकही ठोस गोष्ट येत नसेल, तर ती कोणी लिहिली याला फारसा अर्थच उरत नाही.

संदर्भसूचीने काय उघड केले

इथे उलट झाले. आठ स्रोतांच्या याद्या तपासताना ट्युटरला काही संदर्भ असे सापडले की लेखक खरा, नियतकालिक खरे, शीर्षकही पटण्याजोगे, पण तसा लेख अस्तित्वातच नाही. खंड आणि पृष्ठक्रमांक उघडले तर तिथे भलताच लेख. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, doi.org वर टाकला तर एकतर काहीच सापडत नाही किंवा दुसऱ्याच विषयाचे पान उघडते. चॅटबॉटकडे स्रोत मागितले की असे घडू शकते, आणि ते पाच मिनिटांत, वादाला जागा न ठेवता तपासता येते. डिटेक्टरचा टक्का हा अंदाज असतो, तर नसलेला लेख ही कोणीही पडताळून पाहू शकेल अशी वस्तुस्थिती आहे. हा फरक पुढच्या सगळ्या निर्णयांत कामी आला.

इथे एक निर्णय घ्यावा लागला. ही गैरवर्तणूक धरायची का? पाचवा आठवडा होता आणि निबंध अजून लिहिला गेलेला नव्हता. प्राध्यापिकांनी सूची परत केली, न सापडलेल्या स्रोतांवर खूण करून आठवडाभरात बदलायला सांगितले आणि त्या स्रोतांचे गुण दिले नाहीत. शिस्तपालन समितीकडे काहीच पाठवले नाही. टप्पे ठेवण्याचा खरा फायदा मला इथे दिसला. हीच गोष्ट अकराव्या आठवड्यात सापडली असती तर शिक्षा करण्यावाचून मार्ग नव्हता. पाचव्यात सापडल्याने ती दुरुस्त करता आली.

टिपांबद्दल मात्र समाधान नव्हते. बऱ्याच टिपा म्हणजे लेखाच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशाचे नुसते शब्द फिरवलेले रूप होते. ओळखायची खूण सोपी आहे: टिपेत जे आहे ते सगळे सारांशात सापडते आणि सारांशात नसलेले एकही वाक्य टिपेत नसते. असा विद्यार्थी लेख वाचत नाही, मग तो सारांश स्वतःच्या शब्दांत लिहो की चॅटबॉटकडून लिहून घेवो.

वेळेचा हिशेब

तिसरी अडचण तपासणीची. सूचीला दर विद्यार्थी १० मिनिटे, म्हणजे १० तास. मसुद्याला ८ मिनिटे, म्हणजे ८ तास. चार नोंदी, प्रत्येकी ३ मिनिटे, १२ तास. मसुदा आधी पाहिलेला असल्याने अंतिम निबंध २० ऐवजी १४ मिनिटांत तपासून होत होता, ते १४ तास. एकूण ४४. आधीच्या पद्धतीत निबंध तपासायला २० तास लागत. चौकशांचा वेळ त्यात धरला तरी दुपटीच्या आसपास काम वाढले, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा त्या निरुपयोगी नोंदी खात होत्या.

दुसरे सत्र: काय बदलले

नोंदी चारवरून दोनवर आणल्या आणि प्रश्न पूर्ण बदलला. आता नोंदीत तीनच गोष्टी लिहायच्या होत्या. मसुद्यातला तुम्ही बदललेला एक परिच्छेद, आधीचा आणि नंतरचा, आणि बदल कशामुळे केला. मिळालेल्या शेऱ्यांपैकी तुम्ही न मानलेला एक, आणि का. आणि कोणाची, कशाची मदत घेतली, कोणत्या कामासाठी. सहा-सात वाक्ये पुरेत, मुद्दे मांडले तरी चालतील, भाषेच्या चुकांना गुण जाणार नाहीत.

फरक दिसायला एक नोंद पुरेशी आहे. शहरातील उष्णतेवर लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने लिहिले होते: ‘मसुद्यात मी म्हटले होते की झाडे लावली की शहर थंड होते. तिसरा स्रोत फक्त दुपारच्या तापमानाबद्दल आहे, हे मी मसुदा दिल्यावर पाहिले. रात्री दाट पानांखाली जमिनीची उष्णता वर निघून जायला अडते असे दुसऱ्या लेखात आहे. म्हणून वाक्य बदलून “दिवसा” असा शब्द घातला आणि रात्रीबद्दल वेगळा परिच्छेद केला. तुम्ही आकृती घालायला सांगितली होती, ती घातली नाही, कारण तो आलेख वेगळ्या हवामानातल्या शहराचा आहे.’ भाषा खडबडीत आहे, पण मसुदा, स्रोत आणि अंतिम निबंध एकमेकांना धरून आहेत, आणि तिन्ही उघडून ते पडताळता येते. शिक्षकाचा शेरा कारण देऊन नाकारणे हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटला. ज्याला आपल्या निबंधात काय आहे हे माहीत नाही, त्याला ते जमत नाही.

सूचीत आठऐवजी पाच स्रोत ठेवले, पण प्रत्येकाखाली चार नेमक्या ओळी मागितल्या: लेखकाचे म्हणणे पृष्ठक्रमांकासह, ते कशाच्या आधारावर आहे, लेख काय सांगत नाही, आणि माझ्या निबंधात तो कुठे येणार. पाचांतला एक स्रोत तुमच्या म्हणण्याच्या विरोधात जाणारा असलाच पाहिजे. शिवाय पाचव्या आठवड्यात वर्गातली पंधरा मिनिटे याला दिली. प्रत्येकाने आपला एक स्रोत उघडायचा, शिक्षक त्यातल्या एका तक्त्यावर किंवा आकृतीवर बोट ठेवणार, आणि त्यातून काय कळते ते विद्यार्थ्याने दोन वाक्यांत कागदावर लिहायचे. याला गुण नव्हते. पण ज्यांनी लेख उघडलाच नव्हता ते इथे स्वतःच्याच ध्यानात येत, आणि त्यांच्यातले काही पुढच्या आठवड्यात न सांगता सुधारित सूची घेऊन आले.

गुणांची वाटणीही बदलली. सूचीला १०. मसुदा वेळेत आणि पुरेसा आला का एवढ्यालाच ४, म्हणजे कच्चा मसुदा द्यायला कोणी कचरू नये. ‘बदलाचा माग’ या नव्या निकषाला ८, ज्यात नोंदी आणि मसुद्यापासून अंतिम निबंधापर्यंतचा प्रवास एकत्र पाहायचा. अंतिम निबंधाला १८. तपासणीचा वेळ ४४ वरून ३२ तासांवर आला: सूचीला ६, मसुद्याला ८, नोंदींना ४, अंतिमला १४. आधीपेक्षा जास्तच, पण पेलता येण्याजोगा.

एआयबद्दल नियम एका परिच्छेदात लिहून दिला. शोधासाठी शब्द सुचवून घेणे आणि भाषा सुधारणे चालेल, परिच्छेद लिहून घेणे चालणार नाही, आणि नोंदीत प्रामाणिकपणे सांगितलेल्या गोष्टीमुळे नोंदीचे गुण कमी होणार नाहीत. यावर समितीत बराच वाद झाला. एका विद्यार्थ्याने लिहिले की त्याने चॅटबॉटकडून निबंधाचा आराखडा घेतला, मग चारपैकी दोन मथळे काढून टाकले कारण त्यांना आधार देणारा एकही स्रोत मिळाला नाही. प्राध्यापिकांनी त्याला मागाचे पूर्ण गुण दिले. एका सदस्याचे म्हणणे होते की आराखडा घेणे हीच पळवाट आहे. मला वाटते, कुठले मथळे टिकत नाहीत हे ओळखणे हेच त्या निबंधातले खरे काम होते आणि ते त्याने केले होते.

एक निबंध, दोन अर्थ

दुसऱ्या सत्रातला सर्वांत कठीण निर्णय एका विद्यार्थ्याचा होता. त्याला ‘क’ म्हणू. त्याचा मसुदा जेमतेम १,१०० शब्दांचा, तुटक. अंतिम निबंध २,०५० शब्दांचा आणि सफाईदार. त्यात दोन गोष्टी नव्या होत्या: रात्रीच्या उष्णतेवरचा एक विभाग, ज्याचा स्रोत सूचीत नव्हता, आणि शेवटी धोरणात्मक शिफारशींचे दोन परिच्छेद. नोंदीत दोन्हींचा उल्लेख नाही. जुन्या पद्धतीत डिटेक्टरने खूण केली असती की नाही हे सांगता येत नाही, पण वाचणाऱ्याने नक्की केली असती.

प्राध्यापिकांनी त्याला दहा मिनिटांसाठी बोलावले, ट्युटर सोबत होता. आधीच लिहून कळवले होते की ही चौकशी नाही, निबंध कसा घडला ते समजून घ्यायचे आहे. पहिला प्रश्न रात्रीच्या विभागावर. त्याने कागद ओढून झाडाचे चित्र काढले, जमिनीतून वर जाणारे बाण आणि पानांवरून खाली परतणारे बाण दाखवले, आणि स्रोत फोनवर उघडून दिला. तो लेख त्याला दहाव्या आठवड्यात सापडला होता. दुसरी नोंद नवव्या आठवड्यात द्यायची होती, म्हणून ती आधीच गेली होती. मग शिफारशींबद्दल विचारले. तिथे तो अडखळला आणि म्हणाला, ‘मॅडम, शब्द कमी पडत होते. ते दोन परिच्छेद मी लिहून घेतले.’

म्हणजे ज्या भागावर संशय जास्त होता तो त्याचा स्वतःचा होता, आणि जो भाग कोणाच्या फारसा नजरेत भरला नसता तोच उसना होता. संपूर्ण निबंधावर एकच टक्का छापणारे साधन हे कधीच वेगळे करून दाखवू शकले नसते.

आता नियमाप्रमाणे परिच्छेद लिहून घेणे मनाई होते, आणि त्याने ते कबूल केले होते. ट्युटरचे मत होते की प्रकरण पुढे पाठवावे. प्राध्यापिकांनी पाठवले नाही. त्यांचा मुद्दा असा की चौकशी नाही असे लेखी सांगून बोलावले आणि तिथे मिळालेली कबुली पुरावा म्हणून वापरली, तर पुढच्या वेळी कोणी खरे बोलणार नाही. त्यांनी ते दोन परिच्छेद बिनआधार धरले, अंतिम निबंधाला १८ पैकी ११ दिले आणि रात्रीच्या विभागाचे श्रेय पूर्ण ठेवले. मागाच्या गुणांतून, नोंद अपुरी असल्याने, थोडे कमी झाले. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण तो एका व्यक्तीच्या शब्दावर उभा होता, संस्थेच्या नियमावर नव्हे, आणि दुसऱ्या प्राध्यापकाने तोच प्रसंग उलटा हाताळला असता तरी नियम त्याच्या बाजूने असता. ही उणीव आहे.

निष्पत्ती

आधी एका सत्रात सात चौकशा झाल्या होत्या; दुसऱ्या सत्रात एकच प्रकरण शिस्तपालन समितीकडे गेले. त्या विद्यार्थ्याच्या अंतिम निबंधात दोन स्रोत असे होते जे सूचीत नव्हते आणि कुठेच अस्तित्वात नव्हते, आणि पाचव्या आठवड्यात त्याला याच गोष्टीवर ताकीद मिळालेली होती. निर्णयाला वेळ लागला नाही, वादही झाला नाही. यावरून नक्कल कमी झाली असा निष्कर्ष मी काढणार नाही. एवढेच म्हणता येईल की जे पुढे गेले ते पडताळता येणाऱ्या गोष्टीवर गेले.

निबंधांबद्दल प्राध्यापिकांचे निरीक्षण असे की विरोधी स्रोताच्या अटीमुळे ‘अमुक केले पाहिजे’ छापाचे लेखन घटले आणि ‘अमुक परिस्थितीत’ अशी वाक्ये वाढली. गुणांचा पसारा मात्र आक्रसला. मागाचे गुण बहुतेकांना आठपैकी सहा ते आठ मिळाले, आणि चांगला निबंध व सामान्य निबंध यांतले अंतर एकूण गुणांत पूर्वीइतके उरले नाही. एका हुशार विद्यार्थिनीने याबद्दल लेखी तक्रार केली. ती एका बैठकीत निबंध लिहिते, तोही उत्तम, आणि तिच्या मते तिला खोटे मसुदे तयार करायला भाग पाडले जात होते. तिचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. तिला मसुद्याऐवजी मुद्द्यांचा तपशीलवार आराखडा देण्याची मुभा मिळाली.

मर्यादा एक मोठी आहे. ज्याला ठरवूनच फसवायचे आहे तो मसुदा, शेरे आणि नोंद हे सगळे चॅटबॉटला देऊन पटणारा माग तयार करून घेऊ शकतो. असे किती झाले असेल ते या पद्धतीतून कळत नाही. टंकलेखनाची नोंद ठेवणारी साधने वापरावीत अशी सूचना आली होती, ती फेटाळली गेली, आणि ते बरे झाले. दस्तऐवजाच्या आवृत्त्यांचा इतिहास विद्यार्थ्याने स्वतःहून दाखवला तर पाहायचा, मागायचा नाही, असे ठरले. कागदावर लिहून नंतर टंकणाऱ्याचा इतिहास चिकटवलेल्या मजकुरासारखाच दिसतो, म्हणून तो विरोधातला पुरावा होऊच शकत नाही.

वेगळे काय करता येईल

दुसरी नोंद नवव्या आठवड्यातून काढून अंतिम निबंधासोबतच मागायला हवी. मसुदा आणि अंतिम निबंध यांच्या मधला शेवटचा आठवडा हाच सर्वांत जास्त बदलांचा असतो, आणि तिथेच नोंद नव्हती. ‘क’चा अर्धा प्रश्न यामुळेच उद्भवला.

शब्दसंख्येची खालची मर्यादा काढून टाकावी. शब्द भरायचे म्हणून लिहून घेतलेले परिच्छेद ही मर्यादेनेच निर्माण केलेली गरज होती. वरची मर्यादा पुरेशी आहे.

नोकरी करून शिकणाऱ्यांना चार तारखा सांभाळणे जड गेले. प्रत्येकाला एका टप्प्यासाठी कारण न विचारता दोन दिवसांची मुभा दिली होती, पण ती सत्राच्या मध्यावर जाहीर झाली आणि तोवर काहींचे मसुद्याचे गुण गेले होते. ती पहिल्या दिवशीच्या कागदावर असायला हवी.

आणि दहा मिनिटांच्या बोलण्याचा दर्जा नियमात लिहून घ्यायला हवा: त्यात सांगितलेले काय वापरता येईल, काय नाही, विद्यार्थी कोणाला सोबत आणू शकतो, नोंद कोण ठेवणार आणि किती काळ. समितीने मसुदा तयार केला आहे. कबुलीचे काय करायचे या कलमावर अजून एकमत झालेले नाही, आणि पुढचे सत्र सुरू होण्याआधी ते होणे आवश्यक आहे.